सरकार शब्द मोडतं तेव्हा

१६ जून २०१२ रोजी झारखंड सरकारने नवं औद्योगिक धोरण जाहीर केलं. कारखान्याने स्वतःच्या वापरासाठी वीजनिर्मितीचा संच उभारला असेल, तर त्या विजेवरच्या शुल्कात पाच वर्षं निम्मी सूट मिळेल, असं त्यात लिहिलं होतं. धोरण म्हणजे कायदा नव्हे. शुल्क कमी करायचं तर वीजशुल्काच्या १९४८ च्या कायद्यातलं कलम ९ वापरून वेगळी अधिसूचना काढावी लागते. हे धोरण लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणूनच संबंधित खात्यांनी महिन्याभरात आवश्यक त्या अधिसूचना काढाव्यात, असंही धोरणातच नमूद केलं होतं.

महिना गेला, वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. अधिसूचना निघाली ८ जानेवारी २०१५ ला, आणि तीही त्या तारखेपासून पुढे लागू होणारी. मधल्या काळात धातुउद्योगातली एक कंपनी सुटीशिवाय पूर्ण शुल्काच्या आकारणीला सामोरी जात होती. तिने मागच्या वर्षांची सूट मागितली, तेव्हा उत्तर मिळालं की अधिसूचना नाही म्हणजे हक्क नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, कंपनी जिंकली, राज्य सरकार अपील घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १ डिसेंबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. इंदू मल्होत्रा यांच्या पीठाने निकाल दिला.

हा निकाल मला मोलाचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. प्रशासनाने दिलेला शब्द कोर्टाकडून कधी पाळून घेता येतो, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे अनेक वर्षं येत राहिला. उत्तरं मात्र एकमेकांत गुंतत गेली. या निकालाने ती गुंतवळ बरीच सोडवली. गावचा दाखला असो, नगरपालिकेचा गाळा असो की स्पर्धा परीक्षा असो, सामान्य माणसाच्या अनुभवातले कितीतरी प्रसंग याच नियमाखाली येतात.

अशा तक्रारीला कायद्यात दोन मुठी आहेत आणि वकीलही अनेकदा त्या एकच समजतात. पहिली आहे प्रॉमिसरी एस्टॉपेलची, म्हणजे वचनाने बांधलं जाण्याची. तुम्ही शब्द दिलात, त्यावर विसंबून मी काही केलं, पैसे गुंतवले, जागा सोडली, आता मागे फिरणं अन्यायाचं आहे, असा हा युक्तिवाद. याचं एक महत्त्वाचं उदाहरण आपल्या उल्हासनगरचं आहे. तिथे नगरपालिका स्थापन झाली तेव्हा औद्योगिक पट्टा तिच्या हद्दीत घ्यायचा की नाही, यावर वाद झाला. कारखान्यांना हद्दीबाहेर राहायचं होतं, कारण आत गेलं की जकात भरावी लागणार होती. अखेर मधला मार्ग निघाला. कारखान्यांनी हद्दीत यावं आणि नगरपालिकेने त्यांना सात वर्षं जकातीतून सूट द्यावी, असं ठरलं. सेंच्युरी कंपनीने त्या भरवशावर कारखान्याचा विस्तार केला. पुढे १९६५ चा नवा नगरपालिका कायदा आला आणि नगरपालिकेने जकात लावायला घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका सुनावणीला न घेताच फेटाळली. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत पाठवली आणि ऐकून घ्यायला सांगितलं. करार कायद्याने ठरवलेल्या नमुन्यात झाला नव्हता, तरी लोकांना दिलेल्या शब्दातून सार्वजनिक संस्थेला एवढ्या सहज सुटता येणार नाही; नागरिकांना एक मापदंड आणि सार्वजनिक संस्थांना दुसरा, असं लोकशाहीत चालू देता येत नाही, असं न्या. जे. सी. शहा यांच्या पीठाने म्हटलं.

झारखंडच्या कंपनीला मात्र ही मूठ धरणं अवघड होतं. तिचं उत्पादन ऑगस्ट २०११ मध्येच सुरू झालं होतं, धोरण जाहीर झालं पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. सवलतीचं ऐकून कारखाना काढला, असं म्हणण्याची सोय तिला नव्हती. मग तिच्याकडे काय उरलं?

उरली दुसरी मूठ, रास्त अपेक्षेची. इथे प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला जातो. माझं किती नुकसान झालं, यापेक्षा सरकार कसं वागलं, हे पाहिलं जातं. एस्टॉपेलचं मूळ दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारात आहे. रास्त अपेक्षेचं मूळ आपल्याकडे संविधानाच्या चौदाव्या कलमात आहे, म्हणजे राज्याने मनमानी करू नये या बंधनात. जाहीर केलेलं धोरण, छापलेला नियम, वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत यांमुळे नागरिकाच्या मनात काही गोष्टी पक्क्या होतात. प्रशासनाने त्या मोडायच्या तर मोडण्यामागे कारण हवं. कारण नसेल तर ते वागणं मनमानीचं, आणि मनमानी म्हणजे चौदाव्या कलमाचा भंग.

या तत्त्वावर झारखंड सरकारला विचारलं गेलं, की अधिसूचनेला अडीच वर्षं का लागली? उत्तर नव्हतं. तिजोरीवर भार आला, धोरण चुकलं असं लक्षात आलं, सवलतीचा गैरवापर होत होता, यांपैकी एकही गोष्ट सरकारने मांडली नाही. अधिसूचना पुढच्या तारखेपासूनच लागू होते, एवढंच त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने इथे जो फरक दाखवला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. याचिकाकर्त्याचा पक्का हक्क तयार झालेला नाही, असं सरकारने म्हणणं ही एक गोष्ट. आपण ठरवलेल्या मुदतीत आपणच काम का केलं नाही, हे सांगायला बांधील नाही असं म्हणणं ही अगदी निराळी गोष्ट, आणि ती मान्य होणार नाही. मर्जी होईल तेव्हा दान देणारा सार्वभौम, ही राज्याची वसाहतकालीन कल्पना टाकून द्यायला हवी, असंही न्यायालयाने सुनावलं. २०१२-१३ आणि २०१३-१४ या दोन आर्थिक वर्षांची सूट कंपनीला मिळाली.

सरकारने दिलेला प्रत्येक शब्द पाळलाच पाहिजे, असं हा निकाल म्हणत नाही. सरकारला धोरण बदलता येतं. निवडून आलेल्या नव्या सरकारला जुन्या सरकारचे सगळे निर्णय गळ्यात बांधून घ्यायला लावलं, तर निवडणुकीला अर्थ राहणार नाही. रास्त अपेक्षा एवढंच करते की कारण सांगण्याचं ओझं उचलून प्रशासनाच्या खांद्यावर ठेवते. आधी नागरिकाने दाखवायचं की अपेक्षा खरोखर रास्त होती आणि ती डावलली गेली. एवढं दाखवलं की प्रशासनाने सांगायचं, त्याहून मोठं कोणतं सार्वजनिक हित आड आलं. न्यायालयातली सगळी लढाई या दोन पायऱ्यांवर होते.

पहिली पायरी वाटते तितकी सोपी नाही. आशा, इच्छा आणि रास्त अपेक्षा या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली रेल्वेच्या खरेदीतल्या एका प्रकरणात बजावलं होतं. मंत्र्याने सभेत केलेली घोषणा, अधिकाऱ्याने तोंडी दिलेला दिलासा, "तुमचं काम होऊन जाईल" हा शब्द, यांतून आशा निर्माण होते. रास्त अपेक्षा तयार व्हायला स्पष्ट, नेमका, शंकेला जागा न ठेवणारा शब्द लागतो, किंवा इतकी सातत्याची पद्धत लागते की तिच्यावर विसंबणं कोणालाही स्वाभाविक वाटावं. महाराष्ट्रात याचा व्यवहारातला अर्थ असा, की शासन निर्णय, परिपत्रक, नगरपालिकेचा ठराव, सही-शिक्क्याचं पत्र, भरतीच्या जाहिरातीतल्या अटी यांना जे वजन आहे ते भाषणाला नाही.

दुसरी अट अधिकाराची. ज्याने शब्द दिला, त्याला तो देण्याचा अधिकार कायद्याने होता का? तलाठ्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीतल्या गोष्टीचं आश्वासन दिलं, तर त्या आश्वासनाने जिल्हाधिकारी बांधला जात नाही. आणि कायद्याच्या विरुद्ध दिलेला शब्द तर कोणीही दिला तरी टिकत नाही, कारण तो टिकवला तर एका अधिकाऱ्याच्या पत्राने विधिमंडळाचा कायदा बाजूला सारल्यासारखं होईल.

या अटीचा सर्वांत मोठा फटका बसला तो रोजंदारी आणि तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना. कर्नाटकातल्या प्रकरणावरचा १० एप्रिल २००६ चा उमादेवी निकाल आपल्या सरकारी कार्यालयांतही सगळ्यांना नावाने माहीत आहे. वर्षानुवर्षं काम केलं म्हणजे कायम होण्याची रास्त अपेक्षा निर्माण होते, हा युक्तिवाद पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नाकारला. भरतीसाठी जाहिरात, खुली स्पर्धा, आरक्षण हे सगळे घटनात्मक टप्पे आहेत. ते ओलांडून कायम करण्याचं वचन सरकारला देताच येत नाही, मग त्या वचनावर आधारलेली अपेक्षा रास्त कशी, असा पीठाचा तर्क होता. तर्क म्हणून तो बिनचूक आहे. पण मंजूर कायम पदाचं काम एकाच माणसाकडून पंधरा-वीस वर्षं करून घ्यायचं आणि हिशेबाच्या वेळी म्हणायचं की भरती नियमानुसार झाली नव्हती, यात ज्या संस्थेने नियम मोडला तिलाच फायदा होतो आणि किंमत कर्मचारी मोजतो. हे मला पटत नाही, आणि अलीकडे न्यायालयांनाही ते खुपू लागलेलं दिसतं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई आणि बागकाम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा आदेश दिला आणि उमादेवी निकालाचा वापर दीर्घकाळ राबलेल्या माणसांविरुद्ध हत्यारासारखा करू नये, असं बजावलं. मात्र त्या कर्मचाऱ्यांना जे मिळालं ते त्यांच्या कामाच्या स्वरूपामुळे मिळालं. 'आम्हाला वाटलं होतं' या आधारावर उमादेवीचा दरवाजा अजूनही बंदच आहे.

एक कल्पित उदाहरण पायरी पायरीने पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावात रस्ता रुंद करायचा आहे. रस्त्याकडेच्या चाळीस दुकानदारांना नगरपरिषद सांगते, की भांडण न करता जागा सोडा, दोन वर्षांत नवं संकुल होईल, त्यात प्रत्येकाला ठरलेल्या भाड्याने गाळा देऊ. सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र प्रत्येकाला मिळतं. दुकानदार कोर्टात न जाता जागा सोडतात. संकुल उभं राहतं, आणि वर्तमानपत्रात जाहिरात येते: गाळ्यांचा जाहीर लिलाव.

उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका दाखल झाली, तर न्यायाधीश आधी ठराव आणि पत्र मागवतील. पत्रात 'गाळा देण्यात येईल' असं आहे की 'देण्याचा विचार करण्यात येईल' असं आहे, हे पाहिलं जाईल, आणि या एका क्रियापदावर बरंच अवलंबून राहील. मग नगरपरिषदेच्या मालमत्ता लिलावाशिवाय देता येतात का, त्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी लागते का आणि ती घेतली होती का, हे तपासलं जाईल. मंजुरी लागत असेल आणि घेतलीच नसेल, तर दुकानदारांची बाजू लंगडी पडते. तरीही मंजुरीसाठी प्रस्तावच का पाठवला नाही, असं न्यायालय विचारू शकतं, आणि प्रस्ताव पाठवून त्यावर कायद्यानुसार निर्णय घ्या असा आदेश मिळू शकतो. शब्द स्पष्ट असेल, अधिकारही असेल, तर नगरपरिषदेला सांगावं लागेल की लिलाव का हवा. तिने सांगितलं की लिलावात भाडं जास्त मिळेल, तर ते पुरेसं आहे का? चाळीस कुटुंबांनी आपली जागा त्याच शब्दावर सोडलेली असताना नुसत्या जादा उत्पन्नाचं कारण न्यायालयाला पटणं कठीण आहे. दुकानदारांनी जागा सोडली असल्याने इथे एस्टॉपेलची मूठही त्यांच्या हाती आहे.

पैसे वाचवण्यासाठी शब्द मोडता येतो का, या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला खटला इंग्लंडचा आहे. १९७१ च्या रस्ते अपघातात कायमचं अपंगत्व आलेली एक महिला आणि तिच्यासारखे काही गंभीर रुग्ण न्यूकोर्ट नावाच्या इस्पितळात राहत होते. १९९३ मध्ये आरोग्य प्रशासनाने त्यांना एक्सेटर शहरातल्या मार्डन हाऊस या नव्या वास्तूत हलवलं आणि हे तुमचं आयुष्यभराचं घर असेल, असं स्पष्ट सांगितलं. १९९८ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून तेच घर बंद करायचं ठरलं. अपील न्यायालयाने १९९९ मध्ये तो निर्णय रद्द केला. कारण महत्त्वाचं होतं. शब्द मोजक्या माणसांना दिला होता, तो त्यांच्यासाठी जगण्याइतका महत्त्वाचा होता, आणि तो पाळल्याने प्रशासनाला फक्त पैशाचा भार सोसावा लागणार होता. शिवाय त्या तोडीची दुसरी जागा देऊ केलेली नव्हती. अशा परिस्थितीत शब्द मोडणं हा सत्तेचा गैरवापर ठरतो, असं न्यायालय म्हणालं.

या निकालापर्यंत बऱ्याच न्यायालयांचा कल एवढाच होता, की अपेक्षा मोडण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं. ऐकून घेतलं की कर्तव्य संपलं. आपल्याकडेही सुरुवात तिथूनच झाली. दिल्लीत गृहनिर्माण संस्थांना जमीन देताना नोंदणीच्या तारखेनुसार ज्येष्ठता लावण्याची जुनी पद्धत होती. १९९० मध्ये ती बदलली आणि सभासदांच्या यादीला मंजुरी मिळाल्याची तारीख धरली जाऊ लागली. रांगेत पुढे असलेल्या संस्था एकदम मागे गेल्या. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की इतकी वर्षं चाललेली पद्धत मोडायची तर त्या संस्थांना आधी बोलू द्यायला हवं होतं. म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क छोटा नाही, कारण अनेकदा ऐकतानाच प्रशासनाला आपली चूक कळते. तरीही सगळं ऐकून शेवटी पुन्हा 'नाही' म्हणण्याची वाट मोकळी राहते. प्रत्यक्ष गाळा, प्रत्यक्ष सूट, प्रत्यक्ष घर मिळवायचं तर मार्डन हाऊस आणि झारखंड यांच्यासारखे निकाल लागतात.

आता दुसरी पायरी, म्हणजे मोठ्या सार्वजनिक हिताची. सरकारी वकिलाने 'सार्वजनिक हित' हे शब्द उच्चारले म्हणजे ते सिद्ध होत नाही. निर्णय घेताना जे कारण होतं तेच कारण न्यायालयात चालतं. खटला उभा राहिल्यावर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडता येत नाहीत, हा नियम १९७७-७८ च्या निवडणुकीसंबंधीच्या मोहिंदरसिंग गिल खटल्यापासून पक्का झाला आहे. म्हणून अशा प्रकरणांत फाईलवरच्या टिपण्या निर्णायक ठरतात. कनिष्ठ अधिकाऱ्याने काय लिहिलं, वित्त विभागाने काय शेरा मारला, अंतिम सही कोणत्या कारणाखाली झाली, यावर निकाल फिरू शकतो. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ चं एक पोटकलम आहे. त्यानुसार निर्णयामुळे ज्यांच्यावर परिणाम होतो, त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणं देणं हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, मागितली नसली तरीही. शब्द मोडला गेलेल्या माणसाने याचिकेआधी या कलमाचा उल्लेख करून कारणं आणि टिपण्या लेखी मागवल्या, तर दोनपैकी एक गोष्ट हाती येते. एक तर खरं कारण कळतं आणि ते योग्य असेल तर खटल्याचा खर्च वाचतो. किंवा कारण नोंदवलेलंच नाही, हे सरकारच्याच कागदावर उमटतं, आणि झारखंड सरकार नेमकं त्याच जागी हरलं होतं.

सगळं सिद्ध झालं, तरी हाती काय पडतं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर केरळच्या एका प्रकरणात मिळतं, आणि ते वाचताना मन खट्टू होतं.

सप्टेंबर २०१५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश निवडण्यासाठी अर्ज मागवले. परीक्षेची योजना आधीच जाहीर होती. लेखी परीक्षेत ठरावीक किमान गुण मिळवायचे, मग तोंडी परीक्षा, आणि शेवटी दोन्हींची बेरीज करून गुणवत्ता यादी. तोंडी परीक्षेला किमान गुणांची अट नसेल, असं योजनेत स्पष्ट लिहिलं होतं. उमेदवारांनी परीक्षा दिली, मुलाखती जानेवारी २०१७ मध्ये संपल्या. त्यानंतर, २७ फेब्रुवारी २०१७ ला, उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय समितीने ठरवलं की तोंडीतही किमान गुण हवेत. मार्चमध्ये यादी लागली. बेरजेत निवड झालेल्यांपेक्षा पुढे असलेले काही उमेदवार तोंडीच्या नव्या अटीमुळे बाहेर फेकले गेले.

१२ जुलै २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला. नियम, योजना आणि जाहिरात यांनी उमेदवारांच्या मनात बेरजेनुसारच यादी लागेल अशी रास्त अपेक्षा निर्माण केली होती. मुलाखती संपल्यावर, सगळे गुण हाती असताना अट घालणं ही उघड मनमानी होती. न्यायाधीशपदाला व्यक्तिमत्त्व आणि परिपक्वता लागते, या कारणासाठी अट हवीच असेल तर ती आधी सांगायची होती, म्हणजे उमेदवारांना तशी तयारी करता आली असती. अपेक्षा रास्त होती, ती डावलली गेली, आणि मोठं सार्वजनिक हित दाखवता आलं नाही. पायऱ्या सगळ्या चढून झाल्या.

पण नेमणूक मिळाली नाही. निवडलेले उमेदवार तोवर सहा वर्षं न्यायदानाचं काम करत होते. ते पात्र होते, त्यांनी काही गैर केलं नव्हतं, आणि सहा वर्षांनी त्यांना खुर्चीवरून उठवणं न्यायसंस्थेच्या हिताचं होणार नाही, असं पीठाने ठरवलं. याचिकाकर्त्यांची निवड झाली नाही याचा अर्थ त्यांची गुणवत्ता कमी होती असा घेऊ नये, एवढा निर्वाळा त्यांच्या पदरात पडला.

मला इथे न्यायालयाशी पूर्ण सहमत होता येत नाही. निवडलेल्यांना न काढताही जादा पदं निर्माण करणं किंवा पुढच्या रिक्त जागांवर आधी यांचा विचार करणं, अशा वाटा होत्या. सहा वर्षांचा उशीर याचिकाकर्त्यांमुळे झाला नव्हता. याचिका त्यांनी वेळेत केली होती, वेळ खटल्याने खाल्ला. ज्याने चूक केली तो निवांत राहिला आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला उशिराची शिक्षा, असा हिशेब त्यातून निघतो.

तरी त्या निकालाचा पुढच्यांना उपयोग झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका घटनापीठाने राजस्थानातल्या भरतीवरून उठलेल्या प्रश्नावर ठाम सांगितलं, की भरती सुरू झाल्यावर, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात निघाल्यापासून, पात्रतेचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, जोवर मूळ नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा ठेवलेली नाही. अशा मुभेचं वाक्य जाहिरातीच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असतं: 'अटींमध्ये बदल करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे.' त्या वाक्यानेही मनमानीला मोकळीक मिळत नाही, बदल चौदाव्या कलमाच्या कसोटीला उतरावाच लागतो. पण ते वाक्य असलं की उमेदवाराच्या अपेक्षेचं बळ बरंच घटतं.

आणि केरळच्या उमेदवारांसारखी वेळ येऊ नये म्हणून अनुभवी वकील याचिकेसोबत पहिल्याच दिवशी अंतरिम आदेशाचा अर्ज करतात: एक जागा रिकामी ठेवा, किंवा होणाऱ्या नेमणुका याचिकेच्या निकालाच्या अधीन राहतील असं नेमणूकपत्रात लिहा. गाळ्यांच्या प्रकरणात हाच अर्ज लिलाव थांबवण्यासाठी असतो. तो लिलावाच्या तारखेआधी सुनावणीला आला पाहिजे. बोली मंजूर होऊन तिसऱ्याच माणसाने पैसे भरले आणि गाळ्यात सामान लावलं, की दुकानदारांची अपेक्षा कितीही रास्त असली तरी न्यायालयाला आता त्या तिसऱ्या माणसाचाही विचार करावा लागतो.